अब्बांचं हिअरबाय

चौऱ्याऐंशी साली रत्नागिरीच्या माणसाला आखातात जायचं तर पासपोर्ट लागायचा आणि हातात काहीतरी हुन्नर लागायचा. अयूबकडे पासपोर्ट होता, हुन्नराच्या नावानं शंख. सुतारकाम येईना, वायरिंग जमेना, आणि राजिवड्यात जन्मून होडीत पाय ठेवला की याला ओकारी. "समुद्राकाठी जन्म घेतलास तो कशाला?" असं त्याचा बाप येताजाता विचारायचा. शेवटी बायकोनं, आसियानं, कानातले डूल काढून ठेवले आणि त्याला गाडीतळावरच्या महिपत सरांच्या टायपिंग क्लासात घातलं.

महिपत सर म्हणजे कचेरीत हेडक्लार्क म्हणून झिजून निवृत्त झालेला गृहस्थ. टायपिंग शिकवता शिकवता ते पत्र कसं लिहायचं तेही शिकवायचे, आणि त्यांच्या पत्रात दोन शब्द असायचेच असायचे. हिअरविथ आणि हिअरबाय. "पत्राबरोबर दुसरं काही जात असेल, तर हिअरविथ," सर सांगायचे, "आणि पत्रानंच काम होत असेल, म्हणजे अमुक जाहीर करतो, तमुक अधिकार देतो, शब्द देतो, तर हिअरबाय. हिअरबाय टाइप केलंत की मागे फिरायचं नाही. समजलं काय?" बाकीची पोरं माना डोलवायची आणि बाहेर आल्यावर सरांची नक्कल करायची. अयूब मात्र घरी येऊन पोळपाटावर बोटं आपटत बसायचा. आसिया लाटणं घेऊन उभी, चपात्या तव्यावर पडायच्या बाकी, आणि हा पोळपाटावर हिअरविथ टाइप करतोय!

तर ते सर्टिफिकेट घेऊन अयूब पंच्याऐंशीत बहारीनला गेला आणि एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत चिकटला. तिथून पत्रं यायची ती मराठीत, मोत्यासारख्या अक्षरात, पण ते दोन शब्द त्यांत यायचेच. "सोबत हिअरविथ इशरतसाठी केसांच्या दोन पिना पाठवत आहे." "सोबत हिअरविथ माझा एक फोटो." आसिया चौथी शिकलेली. पत्र ती मोठ्यानं वाचायची, आणि तीनचार वर्षांची इशरत तिच्या मांडीवर बसून वाट बघायची. हिअरविथ म्हणजे खाऊचंच नाव आहे, अशी तिची पक्की समजूत. पोस्टमन दिसला की धावत सुटायची, "काका, हिअरविथ आलं काय आमचं?" पोस्टमनही खट्याळ. म्हणायचा, "आज नाय गो, आज नुसतंच कार्ड."

आणि हिअरबाय म्हणजे शब्द. "मी हिअरबाय कळवतो की या ईदला घरी येतो," असं पत्रात आलं की आसिया त्याच दिवशी गोधड्या उन्हात टाकायची. अठ्ठ्याऐंशीच्या साली मुंबईहून निघालेली एसटी घाटात बंद पडली. ईद दुसऱ्या दिवशी. कुणी दुसरा असता तर गाडीतच झोपला असता. अयूब बॅग डोक्यावर घेऊन कांद्याच्या ट्रकवर चढला, आणि पहाटे दारात उभा राहिला तेव्हा नवा शर्ट कांद्याच्या सालींनी भरलेला. आसिया म्हणाली, "एवढी कसली घाई?" तर म्हणे, "लिहिलं होतं ना हिअरबाय." सहा वर्षांच्या इशरतला तो कांद्याचा वास पुढं कितीतरी वर्षं ईदचा वास वाटायचा.

अशी वर्षं गेली. दोन वर्षांतून एकदा बाप, बाकी पत्रं. राजिवड्यातल्या निम्म्या घरांचं तसंच होतं, त्यामुळे कुणी कुणाची कीव करत नव्हतं.

इशरत मोठी झाली, इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आणि दोन हजार दोन साली सदूकाकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागली. सदूकाका स्वतः मराठी तपासायचे, इंग्रजी सगळं तिच्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातात लाल पेन दिलं आणि बजावलं, "स्पेलिंग चुकलं तर सरळ काढ. शब्द पटला नाही तर काढायचा नाही. समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि ज्याचं लिखाण आहे त्याला विचारायचं. खोडलेलं परत हवं झालं, तर खाली टिंबं द्यायची, म्हणजे जुळणीवाल्याला कळतं की राहू दे." इशरत हुशार पोरगी, पटापट शिकली.

मग लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचं काम आलं. कचेरीतल्या लोकांनी ई-मेल कसे लिहावेत याची पुस्तिका. नमुन्याचे मेल त्यांच्याच जुन्या क्लार्कनी लिहिलेले, आणि दर ओळीत 'प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ' आणि 'वुई हिअरबाय इन्फॉर्म यू'. कंपनीच्या मॅनेजरनं चिठ्ठी लावली होती की हे जुनाट शब्द काढून भाषा सोपी करून द्या. इशरतनं चार दिवस त्यात मान घातली. 'अटॅच्ड' म्हटल्यावर सोबत आहे हे कळलंच, मग हिअरविथ कशाला? काढलं. 'कळवतो' म्हटलं की कळवलंच, हिअरबाय कशाला? काढलं. फक्त राजीनामा, अधिकारपत्र आणि प्रतिज्ञापत्र, एवढ्या ठिकाणी तिनं हिअरबाय ठेवलं, कारण तिथं त्या कागदानंच ती गोष्ट घडते. मॅनेजर खूश झाला. सदूकाकाही म्हणाले, "झकास केलंस. त्यांनी सांगितलं, आपण बदललं. चोख काम."

झालं! पोरीला शिंगं फुटली.

तोपर्यंत अब्बांची पत्रं बंद होऊन ई-मेल सुरू झाले होते. तिथल्या मशीनवर मराठी उमटायची नाही, म्हणून अब्बा इंग्रजीत लिहायचे, इशरत मारुती मंदिराकडच्या सायबर कॅफेतून कागद छापून आणायची आणि अम्माला मराठी करून सांगायची. अम्माला इंग्रजीचा गंध नाही, पण ती आधी तसंच वाचायला लावायची. "पहिलं त्यांचं वाच. मग तुझं." आणि डोळे मिटून ऐकायची. हिअरविथ आलं की हात पुढं, कारण फोटो असणार. हिअरबाय आलं की ताठ बसायची.

लोट्याचं काम झालं त्याच आठवड्यात अब्बांचा मेल आला. 'माय डिअर डॉटर, आय हिअरबाय इन्फॉर्म यू दॅट माय हेल्थ इज ओके. प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ वन फोटो ऑफ मायसेल्फ विथ न्यू स्पेक्टॅकल्स.' इशरतला हसू फुटलं. तिनं तोच मेल घेतला, हिअरबाय, हिअरविथ लाल करून मधून रेघ मारली, खाली सुधारलेली वाक्यं लिहिली आणि परत पाठवला. वर मजेत एक ओळ, 'अब्बा, आता हे कुणी लिहीत नाही. लोक हसतात.'

आता यात वाईट हेतू होता का? अजिबात नाही. बापाला चार लोक हसू नयेत एवढंच तिच्या मनात. पण काकांचं ते समासातलं प्रश्नचिन्ह तिला तेव्हा आठवलं नाही. आपल्याच बापाला काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'नोटेड विथ थँक्स. युअर फादर इज ओल्ड मॉडेल.' ती पुन्हा हसली. नंतरच्या मेलमध्ये एक हिअरविथ सवयीनं राहून गेलं होतं, तिनं तेही लाल केलं. त्याच्या पुढच्यात काहीच सापडलं नाही. 'आय ॲम फाइन. फोटो अटॅच्ड. रिगार्ड्स.' तिनं शाबासकी पाठवली!

"एवढंच?" अम्मा म्हणाली.

"एवढंच. आता त्यांचं इंग्रजी सुधारलंय, अम्मा."

"सुधारलं तर मग कमी कसं झालं गो?" अम्मानं कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं. "बरं नसेल त्यांना. विचार."

विचारलं, तर बरे होते. फोनवर बोलताना इशरतला म्हणाले, "बेटा, लिहायला बसलो ना, की तुझी लाल रेघ दिसते. दोन ओळी लिहितो, तीन पुसतो." आणि हसले. तीही हसली. सदूकाकांना तिनं कौतुकानं सांगितलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "वडलांनी तपासायला दिलं होतं काय तुला?" एवढंच विचारलं आणि शाईचा डबा उघडायला लागले. इशरतला ते लागलं, पण एखाद्या दिवसानं ती विसरली.

आठवड्याला येणारे मेल महिन्यावर गेले. पुढच्या वर्षी रमजान आला. अब्बांना दोन वर्षं पुरी झाली होती, म्हणजे ईदला यायची पाळी. अम्मा रोज विचारायची, "आला काय?" म्हणजे मेल. आणि एके दिवशी आला. 'विल ट्राय टू कम फॉर ईद. लव्ह टू ऑल.'

अम्मानं डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले. "हिअरबाय?"

"नाही. ईदला यायचा प्रयत्न करीन, असं लिहिलंय."

"म्हणजे नाही येणार."

"अगं, येतील! साधं लिहिलंय नुसतं. आता असंच लिहितात."

"तू नको मला शिकवू," अम्मा म्हणाली. "अठरा वर्षं त्यांची पत्रं वाचतेय, ऐकतेय मी. यायचं असलं की तो माणूस शब्द देतो. प्रयत्न करीन म्हणे! उंबऱ्यापर्यंत यायला प्रयत्न लागतो काय?" गोधड्या बाहेर निघाल्याच नाहीत. अम्माच्या मनात काय काय येऊन गेलं कोण जाणे. आखातात राहिलेल्या माणसांबद्दल राजिवड्यात काय कमी गोष्टी सांगतात? कमी झालेले मेल, तुटक ओळी, आणि आता हे. तिनं सगळं जोडलं आणि तिला जे दिसलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

रमजानच्या मध्यावर अब्बांचा फोन आला. आधी अम्मानं घेतला. इशरत शेजारीच उभी होती. तिकडून ते काहीतरी सांगत होते, अम्मा मध्येच तोडून म्हणाली, "यायचं नसेल तर सरळ सांगा. इथं कुणी अडून बसलं नाही तुमच्यावाचून." आणि रिसीव्हर इशरतच्या हातात दिला.  अब्बा म्हणाले, "चिडली काय?" "राग जाईल तिचा तुम्ही आल्यावर," असं इशरत घाईघाईत म्हणाली, ते हसले, आणि लाइन तुटली.

बारा-तेरा दिवसांनी, ईदला चार दिवस असताना, अयूब कचेरीतल्या खुर्चीतच गेला. हार्ट अटॅक. त्याचा खोलीतला सोबती सुलेमान, हर्णैचा, त्यानं फोन केला. मय्यत इकडे आणायची तर कागदपत्रं, दिवस, ईदची सुट्टी. घरच्यांनी विचार केला आणि तिथंच दफन करायला सांगितलं. राजिवड्याच्या मशिदीत नमाज झाली. अम्मा रडली नाही. नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस घरात बसायचं, त्या इद्दतीला ती बसली ती भिंतीकडे तोंड करून. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, "रड गो, रड, आसिया." ती म्हणायची, "मला काय रडायचा हक्क? त्यांनी येतो म्हटलंच नव्हतं."

महिन्याभरानं सुलेमानचा पुन्हा फोन आला. तो कायमचा परत यायला निघाला होता आणि अयूबचं सामान सोबत आणणार होता. कंपनी सामान त्याच्या ताब्यात द्यायला तयार होती, पण बायकोच्या सहीचं अधिकारपत्र हवं होतं, आणि निकाहनाम्याची प्रत. मेलनं चालेल. "नीट लिही हां," सुलेमान म्हणाला. "आय हिअरबाय ऑथराइज, असं. हिअरबायशिवाय चालत नाही म्हणतात."

"माहीत आहे, चाचा," इशरत म्हणाली.

"माहीत असणारच. तू तर त्यातली. अयूबभाई नेहमी सांगायचा, माझी मुलगी प्रूफरीडर आहे." सुलेमान पुढं सांगायला लागला. "त्या ईदच्या मेलच्या वेळी तर अर्धा तास बसला होता. मी मागं उभा, मला पण मेल करायचा होता. आधी लिहिलं, आय हिअरबाय प्रॉमिस टू कम फॉर ईद. मग मला म्हणतो, सुलेमान, हे काढू काय? पोरगी लाल करील. मी म्हटलं, राहू दे ना यार, घरचाच तर मेल. तर म्हणे, नको, तिला लाज वाटते माझी. काढलं. मग ते प्रॉमिस पण एकटं बरं दिसेना त्याला. शेवटी ते विल ट्राय केलं. तिकीट तर खिशात होतं गो त्याच्या. अठ्ठाविसाव्या रोज्याचं."

इशरतनं फोन ठेवला. ती तशीच फोनच्या स्टुलाजवळ खाली बसली. तिला लाज वाटत होती, असं त्यांना वाटलं. तिला! जी लहानपणी पोस्टमनच्या मागं हिअरविथ मागत धावायची, तिला. 

त्या दुपारी तिनं मसुदा कागदावर लिहिला. सही घेऊन कॅफेत स्कॅन करून पाठवायचं होतं. अम्माला विचारलं, वाचू काय? अम्मा म्हणाली, "वाच. मला काय कळणार आहे?" आणि भिंतीकडे बघत राहिली.

"आय, आसिया अयूब, वाइफ ऑफ लेट अयूब, हिअरबाय..."

अम्मा वळली. महिन्यात पहिल्यांदा ती पुरती वळली. "काय म्हणालीस?"

"हिअरबाय."

"हे त्यांचं आहे?"

"नाही, अम्मा. हे तुझं आहे. तू सुलेमानचाचांना सामान आणायचा अधिकार देतेस, असं."

"पण शब्द त्यांचा आहे." तिनं हात पुढं केला. "परत वाच. हळू वाच."

इशरतनं परत वाचलं. खाली निकाहनाम्याची ओळ होती. तिनं आधी नुसतं 'अटॅच्ड' लिहिलं होतं. वाचता वाचता तिच्या तोंडून 'अटॅच्ड हिअरविथ' गेलं. अम्माचा हात आपोआप उघडला, फोटो घ्यायला उघडायचा तसा. मग तो रिकामा हात तिनं मांडीवर ठेवला.

आता सांगावं की सांगू नये? नाही सांगितलं तर ही बाई उरलेला जन्म समजणार की नवऱ्याला यायचंच नव्हतं. सांगितलं तर... इशरतनं पुढचा विचार केला नाही. "अम्मा, त्यांनी ईदच्या मेलमध्ये हिअरबाय लिहिलं होतं," ती म्हणाली. "मी रागावीन म्हणून खोडलं. तिकीट काढलेलं होतं. ते येणार होते, अम्मा. माझ्यामुळे..."

 "शब्द दिला होता?" अम्मानं विचारलं.

"हो."

"मग मी त्यांना काय बोलले गो?" आणि त्यानंतर ती जी रडायला लागली, ती शेजारच्या भिंतीपलीकडून बायका धावत आल्या तरी थांबेना. "कुणी अडून बसलं नाही म्हटलं मी! अठरा वर्षं अडून बसले होते मी, आणि असं म्हटलं!" इशरत तिला धरायला गेली, अम्मानं तिला झटकलं, मग लगेच स्वतःच जवळ ओढलं. तिला शिव्या घालीत, तिचे केस कुरवाळीत ती रडत राहिली. इशरतला वाटत होतं की अम्मानं मारावं. अम्मानं मारलं नाही.

दिवेलागणीला बायका गेल्या. अम्मानं तोंड धुतलं आणि कागद मागितला. सही करायच्या जागेवर तिनं मराठीत नाव लिहिलं, आसिया अयूब. मग पेन हातातच ठेवून म्हणाली, "कुठं आहे तो शब्द? दाखव मला."

इशरतनं तिचं बोट धरून हिअरबायवर ठेवलं.

"आणि दुसरा?"

दुसरा लिहिलेलाच नव्हता, नुसता तोंडातून गेला होता. इशरतनं पेन घेतलं आणि 'अटॅच्ड'च्या पुढं हिअरविथ लिहिलं. मग अम्माचं बोट त्यावर नेलं.

अम्मानं दोन्ही शब्द एकदा या बोटानं, एकदा त्या बोटानं चाचपून बघितले. "आता यातलं काही काढू नको," ती म्हणाली.

"नाही काढत, अम्मा."

कॅफे नऊला बंद व्हायचा. इशरत कागद घेऊन निघाली. पण गेल्या वर्षी लाल करून परत पाठवलेल्या मेलचे छापील कागद तिनं आधी कपाटातून काढले, आणि जिथं जिथं आपली लाल रेघ होती तिथं खाली टिंबं देत ती दारातच उभी राहिली. राहू दे, राहू दे, राहू दे. ईदच्या मेलमध्ये मात्र टिंबं द्यायला काही नव्हतं, कारण तिथलं अब्बांनी स्वतःच पुसून पाठवलं होतं.